६ लीव्हर मॉर्टिस लॉक, हँडल जोडीसह – लाकडी मुख्य दरवाजासाठी, ३ चाव्या

लॉकचा प्रकार: मॉर्टिस (दरवाजाच्या जाडीत खाच करून बसणारे)
लीव्हर: ६, पितळी
बॉडी: स्टेनलेस स्टील, जाडी १६ मिमी, खोली ७० मिमी
बोल्ट व लॅच: भरीव पितळ
चाव्या: ३, दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या
दरवाजाची जाडी: ३२ ते ४५ मिमी
दरवाजाच्या कडेपासून चावीच्या छिद्राचा मध्य: ४५ मिमी

ऑर्डर करण्याआधी दरवाजाची जाडी मोजा. टेप दरवाजाच्या उघड्या कडेवर लावायची, चौकटीवर नाही, आणि दोन्ही बाजूंचा सनमायका धरून मोजायचं. ३२ मिमीच्या दरवाजात १६ मिमीची बॉडी बसली की दोन्ही बाजूंना ८-८ मिमी लाकूड उरतं, तेवढं पुरतं. २५ मिमीच्या दरवाजात मात्र जेमतेम साडेचार मिमी राहतं आणि पटाशी चालवतानाच फळी तडकते. अशा दरवाजाला वरून स्क्रूने बसणारं रिम लॉक घ्या, हे नको. ४५ मिमीपेक्षा जाड दरवाजाला सोबतचा चौकोनी दांडा आणि हँडलचे स्क्रू आखूड पडतील. पॅनेलच्या दरवाजाची उभी पट्टी किमान १०० मिमी रुंद हवी. आतून पोकळ असलेल्या फ्लश डोअरमध्ये लॉकच्या जागी भरीव लाकडाचा ठोकळा आहे का, ते सुताराला ठोकून बघायला सांगा.

सहाही लीव्हर आपापल्या नेमक्या उंचीपर्यंत उचलले गेले तरच बोल्ट सरकतो. एखादा जरा कमी-जास्त उचलला गेला तरी तो अडतो. चावी दोनदा फिरते: पहिल्या फेऱ्यात बोल्ट १० मिमी बाहेर येतो, दुसऱ्यात २० मिमी. रात्री आणि बाहेर जाताना दोन्ही फेरे द्याच, नाहीतर एवढ्या लांब बोल्टचा उपयोग काय? लॅच उलटवता येतो, म्हणून डावा-उजवा असा वेगळा माल नाही.

आतूनही चावीच लागते, फिरवायची कळ नाही. घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर आतली एक चावी सगळ्यांना माहीत असलेल्या ठरलेल्या जागी ठेवा. घाईच्या वेळी शोधाशोध नको.

तीनपैकी एक चावी न वापरता बाजूला ठेवा आणि डुप्लिकेट काढायची वेळ आली तर तिच्यावरूनच काढा. झिजलेल्या चावीवरून काढलेल्या चावीत झीजही उतरते. चावी अडायला लागली तर खोबरेल किंवा मशीनचं तेल सोडू नका, त्यावर धूळ चिकटते. ग्रॅफाइट पावडर वापरा.

बॉक्समध्ये: लॉक, हँडलची जोडी, चौकटीची पट्टी, दांडा, स्क्रू, ३ चाव्या आणि खाच आखण्यासाठी कागदी साचा. सरकत्या आणि काचेच्या दरवाजांना हे बसत नाही. खाच केल्यावर किंवा स्क्रू मारल्यावर माप चुकल्याच्या कारणाने लॉक परत घेतलं जात नाही.