वैशालीताईंची ओळख

नमस्कार मंडळी, मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? उभे आहात त्यांनी प्लीज पुढे या, इथे डाव्या बाजूला खुर्च्या रिकाम्या आहेत.

आजच्या पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम मी अध्यक्षांकडून मागून घेतलंय. बायोडाटा वाचून दाखवायचा असता तर कुणीही वाचला असता, पण वैशालीताईंनी माझा धंदा एका वाईट वर्षात सावरलाय आणि ते मला तुमच्यासमोर बोलायचं होतं.

ताई कोरुगेटेड बॉक्स बनवतात, म्हणजे आपण सगळे ज्याला खोका म्हणतो तो. मी एक्झॉस्ट फॅन बनवतो हे तुम्हाला माहितीच आहे. चार वर्षांपूर्वी माझा माल डीलरकडे पोचायचा तेव्हा थप्पीतले खालचे खोके दबलेले असायचे, आतल्या फॅनची जाळी वाकलेली, आणि दर महिन्याला माल परत. मी ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडलो, मग दुसरा ट्रान्सपोर्टवाला केला, मग थ्री प्लायचा फाइव्ह प्लाय केला, खर्च वाढला आणि माल परत येणं काही थांबेना. तेव्हा आपल्याच एका मेंबरने ताईंचा नंबर दिला. मला वाटलं रेट पाठवतील, तर त्या दुसऱ्या दिवशी स्वतःच आल्या, ऑफिसात बसल्याच नाहीत, सरळ गोडाऊनमधे गेल्या, खाली बसून एक दबलेला खोका उचलला आणि खिशातल्या कटरने त्याची बाजू कापली.

तो तुकडा मी आज आणलाय, हा बघा, रांगेत फिरवा. मधला नागमोडी कागद दिसतोय ना, त्याला फ्लूट म्हणतात. ह्या लाटा खोक्यात उभ्या असल्या तर एकेक लाट खांबासारखी वजन घेते, आडव्या असल्या की वरून वजन आलं की चपट्या होतात. माझ्या सगळ्या खोक्यांत त्या आडव्या होत्या, कारण तसं कापलं की शीट कमी वाया जाते आणि आधीच्या सप्लायरने ते वाचवलं होतं. मी तीन वर्षं तो खोका रोज हातात धरत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. पुढे ताईंनी थप्पी बघितली, आम्ही विटांसारखे सांधे चुकवून खोके रचायचो, पक्कं बसतं म्हणून. त्या म्हणाल्या, "दादा, खोक्याची ताकद कोपऱ्यात असते, कोपऱ्यावर कोपरा ठेवा. आणि जमिनीवर ठेवू नका, खाली पॅलेट घाला, कागद ओल ओढतो आणि मग कितीही जाड घ्या, तो बसणारच." शेवटी म्हणाल्या तुम्हाला फाइव्ह प्लायची गरज नाही, थ्री प्लाय पुरेल. महागडी ऑर्डर समोर ठेवलेली असताना स्वस्तातली घ्या म्हणून सांगणारा सप्लायर मी तोपर्यंत बघितला नव्हता. त्यानंतर दबलेल्या खोक्यामुळे माझा माल परत आलेला नाही.

आता त्यांच्याबद्दल. ताई एका बॉक्स कारखान्यात नऊ वर्षं अकाउंट्स बघायच्या, मशीनला हात लावायचा प्रश्नच नव्हता, पण जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून ऑपरेटरला विचारत राहायच्या की हे काय, ते असं का. मालकांनी वयामुळे कारखाना बंद करायचं ठरवलं तेव्हा ताईंनी त्यांच्याकडूनच जुनं सिंगल फेसर मशीन आणि एक स्टिचिंग मशीन हप्त्यावर घेतलं, जोडीला चार कामगार. बँकेत कर्जासाठी गेल्या तर समोरचा माणूस प्रत्येक प्रश्न त्यांच्या मिस्टरांना विचारत होता, जे फक्त सोबत आले होते. ताईंनी फाइल उचलली, दुसऱ्या बँकेत एकट्या गेल्या आणि तिथे पाच वर्षांचा कॅश फ्लो तोंडपाठ सांगितला. मिळालं कर्ज.

पहिल्याच पावसाळ्यात 1,200 खोक्यांचा लॉट गेला, पेस्टिंगनंतर बोर्ड पुरता वाळला नव्हता, हाताला गार लागत होता आणि तरी घाईत पिना मारल्या गेल्या. वरवर बघून कळलंच नसतं. पण ताईंनी डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी ग्राहकाला स्वतः फोन करून सांगितलं की माल खराब आहे, पाठवत नाही, मला तीन दिवस द्या. तो ग्राहक आजही त्यांच्याकडे आहे. तेव्हापासून त्यांच्याकडे बोर्डातली ओल मीटरने मोजल्याशिवाय लॉट पुढच्या मशीनला जात नाही, आणि तो लॉट थांबवायचा अधिकार मशीनवरच्या माणसाला आहे, त्यासाठी ताईंना विचारायला लागत नाही. मला विचाराल तर त्यांच्या कारखान्यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

आज 26 जण आहेत, त्यातल्या 15 बायका, आणि त्या फक्त पिना मारायला किंवा गठ्ठे बांधायला नाहीत, रोटरीवर आणि डाय कटिंगवर पण आहेत. बहुतेकींनी आधी कारखाना आतून बघितलेला नव्हता. नवीन कुणी आलं की ताई पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतात, की ह्या लाटांच्या कागदाचं पेटंट 1856 साली इंग्लंडमधे घेतलं गेलं ते खोक्यासाठी नव्हतंच, उंच हॅटच्या आतल्या अस्तरासाठी होतं, पॅकिंगसाठीचं पेटंट 1871 मधलं, अमेरिकेतलं, ते पण बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला. टोपीतल्या कागदाने जर एवढं नवीन काम उचललं तर तू पण शिकशील, असं म्हणून तिला सरळ मशीनपाशी उभं करतात.

आजचा विषय मात्र उधारीचा आहे. त्यांचा एक ग्राहक होता, निम्म्याहून जास्त माल एकटा उचलायचा, आणि 30 दिवसांचं ठरलेलं पेमेंट 90 वर, मग 120 वर गेलं. आपल्यापैकी किती जण ह्याच अवस्थेत आहेत ते मला माहितीये, मागच्या महिन्यात चहाच्या वेळी दुसरं बोलणंच नव्हतं. ताईंनी त्याचा सप्लाय थांबवला. पुढचे सहा महिने कसे गेले, पगार कसे दिले, कागदाचे रोल देणाऱ्याशी काय बोलल्या आणि छोटे अकरा ग्राहक कसे जोडले, हे सगळं त्या आकड्यांसकट सांगणार आहेत, त्या काळाची वही सोबत घेऊन आल्यात. फोटो काढू नका वहीचे, तेवढी विनंती त्यांनी केलीये.

एक सांगायचं राहिलं, त्यांनी मला काल बजावलं होतं की पुरस्कारांची यादी वाचू नको, म्हणून वाचत नाही. प्रश्न शेवटी घेऊ, आणि खोक्याचे रेट आत्ता विचारू नका, ते बाहेर चहाच्या वेळी बोला.

तो तुकडा कुठपर्यंत गेला? ठीक, फिरू द्या.

ताई, तुम्ही आलात, खूप आनंद झाला. या, माइक घ्या.