पोस्ट करण्याआधीची तपासणी यादी : ‘सोयाबीन इकायचं का ठिवायचं?’

विनोदी व्हिडिओची स्क्रिप्ट पक्की झाली आहे. सात मिनिटं, पाच प्रसंग. पात्रं चार : बप्पा, त्यांची लेक, जावई आणि लातूरच्या मोंढ्यातला आडत्या. शुक्रवारी शूटिंग, रविवारी संध्याकाळी पोस्ट. तपासणी गुरुवारीच उरकायची.

ज्यानं लिहिलंय त्यानं तपासायचं नाही. दोघांनी बसायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पेन्सिल धरायची. मनातल्या मनात वाचलं की चुकीची ओळसुद्धा गोड लागते.

दावे

☐ प्रसंग १, आडत्या : “काल लातूरला सोयाबीन पाच हजारानं गेलं.” हा आकडा कुठला? बाजार समिती रोज तीन दर देते : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कमाल दर एखाद्या स्वच्छ, वाळलेल्या ढिगाला मिळतो. आपण तोच बोललो तर माणूस टेम्पोचं भाडं भरून माल आणतो आणि मोंढ्यात त्याचं तोंड उतरतं. बोलायचा तो सर्वसाधारण दर, तारखेसकट. आणि रविवारपर्यंत दर हलणारच, म्हणून या प्रसंगात आकडाच नको. आडत्यानं म्हणावं, “निघायच्या आदी सर्वसाधारण दर इचार, मग पोती भर.”

☐ प्रसंग २ : २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल. आकडा बरोबर आहे, राहू द्या. “सरकार घेतंयच की” ही पुढची ओळ मात्र अर्धवट आहे. आधी नोंदणी लागते, माल वाळलेला लागतो, ओलाव्याचा साधारण निकष १२ टक्के. लेकीच्या तोंडी एक वाक्य वाढवा. तिच्या वाट्याला तसंही काही नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय.

☐ विमा. इथं घाई करायची नाही. गेल्या वर्षी आपल्या जुन्या व्हिडिओत “एक रुपयात पीक विमा” असं होतं. २०२३ च्या खरिपापासून ते खरंच होतं, पण २०२५ च्या खरिपापासून योजना बदलली आणि शेतकऱ्याला आपला हिस्सा भरावा लागू लागला. सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्के. व्हिडिओ तसाच फिरत राहिला. सेवा केंद्रावर एक आजोबा हातात मोबाईल धरून उभे होते, पडद्यावर आपलाच बप्पा बोलत होता, आणि ते केंद्रावरच्या पोराला सांगत होते, “ह्ये बघ, हा काय खोटं बोलतोय का?” मी मागं रांगेत होते. योजनेचं नाव आलं की तीन गोष्टी बघायच्या : कोणत्या हंगामाची, आज चालू आहे का, आणि मूळ शासन निर्णय आपण स्वतः वाचलाय का. बातमीचं कात्रण चालणार नाही.

☐ प्रसंग ४, पिकावरच्या टॉनिकची बाटली. दुकानदारानं पैसे दिलेत, म्हणून पहिल्या क्षणापासून पडद्यावर ‘सशुल्क जाहिरात’ असं ठळक दिसलं पाहिजे. खाली कॅप्शनमध्ये बारीक अक्षरात लपवायचं नाही. “एकरी दोन क्विंटल वाढ, गॅरंटी” ही ओळ काढा. दुकानदार रुसला तर पैसे परत करू. फसव्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पण खरं कारण ते नाही. ती बाटली उधारीवर घेतली जाते.

☐ “परभणीच्या विद्यापीठानं सांगितलंय” : छापील शिफारस हातात असेल तरच. नसेल तर ओळ गेली.

☐ पुराची दृश्यं सप्टेंबर २०२५ चीच आहेत का? दुसऱ्या वर्षाची किंवा दुसऱ्या नदीची असतील तर लावायची नाहीत. आपलीच असतील तर गाव आणि महिना पडद्यावर.

शब्द

☐ प्रसंग ३, बप्पा : “भाव न्हाई आला तर घेतो गळ्याला दावं.” ही ओळ काढायची, यावर चर्चा नको. वाचताना आपण तिघं हसलो, हे मला रात्रभर टोचलं. आपल्या भागात हा व्हिडिओ अशा ओट्यावर बघितला जातो, जिथं आतल्या भिंतीवर हार घातलेला फोटो असतो. नवी ओळ : “भाव न्हाई आला तर औंदा पोतंच उशाला घिऊन झोपतो.” बप्पाचा हट्ट दिसतो, हसूही येतं. पुढं कधी आत्महत्येचा विषय गांभीर्यानं घेतला तर पद्धत दाखवायची नाही, आणि टेलि-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पडद्यावर द्यायचा.

☐ आडत्याला आडनाव दिलंय. आडनावावरून जात कळते, आणि तो लबाड दाखवलाय म्हणजे सगळी जातच लबाड ठरते. नुसतं ‘शेठ’ ठेवा. हमाल दखनी बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यावरच हशा ठेवलाय, तोही काढा. त्याला कामाचं वाक्य द्या. वजनकाट्याची खोड त्यालाच आधी कळणार.

☐ लेकीला दोनच ओळी, दोन्ही चहाच्या. बप्पा म्हणतात “लेक म्हंजी परक्याचं धन.” असं बोलणारे आहेत, म्हणून पात्रानं बोलायला हरकत नाही. पण प्रसंग त्यांच्या बाजूनं हसला तर ते आपलं मत होतं. लेकीनं तिथंच उत्तर द्यावं : “सात-बाऱ्यावर नाव चढवा, मग बोला कुनाचं धन ते.”

☐ ‘लंगडं सरकार’, ‘आंधळा कारभार’, ‘वांझ जमीन’ : तिन्ही बदला. ‘ढिलं’, ‘मनमानी’, ‘नापीक’ हे शब्द आहेतच.

☐ निवेदनात धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर. बप्पाच्या तोंडी जुनं नाव सवयीनं येतं, ते राहू द्या, पण त्यावर विनोद नको.

☐ ‘काय करायलास’, ‘लई’, ‘औंदा’ ही आपली बोली आहे. शहाणं पात्र पुस्तकी बोलतं आणि येडं पात्र गावचं, असं झालंय का ते बघा. प्रसंग २ मध्ये झालंय. जावयाची भाषा बदला.

विनोद

☐ प्रत्येक हशाच्या जागेपुढं लिहायचं : हे कुठून आलं? घरून, पारावरून, की मोबाईलमधून? म्हणी, उखाणे, जात्यावरच्या ओव्या सगळ्यांच्या आहेत. फॉरवर्ड आलेला विनोद मात्र सगळ्यांचा नसतो, त्याचा मालक फक्त वाटेत हरवलेला असतो.

☐ प्रसंग ५ मधला धोंड्याचा जावई. अधिक मासातलं धोंड्याचं जेवण सगळ्या मराठवाड्याचं, त्यावर कुणीही लिहावं. पण जावई ताटातले धोंडे मोजतो, सासू मान वळवते आणि मग तो वाक्य टाकतो, हा क्रम दुसऱ्या एका पोराच्या रीलमध्ये जसाच्या तसा आहे. मी दोन्ही शेजारी लावून बघितले. मांडणी तीच, वळण तेच, शेवटचा शब्द तोच. पुणेरीचं लातुरी केलं म्हणून विनोद आपला होत नाही. पूर्ण काढा. त्याला विचारून, नाव देऊन घ्यायचा असेल तर आधी होकार लिहून घ्या.

☐ कीर्तनातला दृष्टांत (प्रसंग १, कंजूष सावकार) : गोष्ट जुनी आहे, चालेल. महाराजांच्या आवाजाची आणि लकबीची नक्कल नको.

☐ उरलेले विनोद टीमबाहेरच्या तिघांना सांगून बघा. एक जण जरी “हे ऐकलंय” म्हणाला तर शोधा, मगच ठेवा.

☐ मागचं संगीत : परवानगीचं किंवा आपलं.

शेवटी, रविवारी दुपारी

☐ थंबनेलवर “सोयाबीन ८००० होणार?” असं लिहिलंय. प्रश्नचिन्ह लावलं म्हणून तो अंदाज राहत नाही, लोक आकडाच वाचतात. स्क्रिप्टमध्ये नसलेलं काहीही थंबनेलवर नको. लिहा : “इकायचं का ठिवायचं?”

☐ शूटिंगच्या वेळी ऐनवेळी घातलेल्या ओळी पुन्हा या यादीतून काढा. टॉनिकची गॅरंटी मागच्या वेळी तशीच घुसली होती.

☐ चूक निघाली तर व्हिडिओ गुपचूप उडवायचा नाही. काय चुकलं, बरोबर काय, तारीख, हे पहिल्या कमेंटमध्ये पिन करायचं आणि पुढच्या व्हिडिओत बप्पाच्याच तोंडून सांगायचं.

☐ दोघांच्या सह्या. एकाची नसेल तर रविवारी पोस्ट नाही.