डिप्लोमा अप्रेंटिस म्हणून वर्कशॉपमध्ये घेण्याबाबत अर्ज

दांडिया बाजार, वडोदरा
दि. 14 जुलै 2025

प्रति,
श्री. शिर्के साहेब,
मशीन दुरुस्ती व मशीनिंग वर्कशॉप,
मकरपुरा जीआयडीसी, वडोदरा

विषय: मेकॅनिकल डिप्लोमानंतर एक वर्षाच्या अप्रेंटिसशिपसाठी अर्ज

आदरणीय शिर्के साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या गुरुवारी मी आपल्या वर्कशॉपवर आलो होतो. आपण माझी मार्कशीट पाहिलीत, परत दिलीत आणि म्हणालात, "यावरून मला काही कळत नाही. हाताला काय येतं आणि काय येत नाही, ते घरी बसून लिही. मराठीतच लिही." त्याप्रमाणे लिहीत आहे. पत्र थोडं लांबलं आहे, पण आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टींची उत्तरं त्यात आहेत.

मी या वर्षी बडोद्यातूनच मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा पूर्ण केला. वय 20. माझे आजोबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्या कानशी, आउटसाइड कॅलिपर आणि एक गुण्या अजून घरी तेल लावून कापडात गुंडाळून ठेवलेल्या आहेत. मी आठवीत असताना त्यांनी मला लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये बांधून दिला आणि चारी बाजू काटकोनात आणायला सांगितलं. कानस पुढे जाताना दाब द्यायचा, मागे घेताना उचलायची, एवढंच शिकवून ते शेजारी बसून राहिले. चार रविवार गेले. गुण्या लावून तुकडा उजेडात धरल्यावर फटीतून उजेड यायचा बंद झाला, तेव्हा त्यांनी तो आपल्या खिशात टाकला. फिटिंगचं काम मला मनापासून आवडतं ते तेव्हापासून.

आता लेथबद्दल. फेसिंग, प्लेन व स्टेप टर्निंग, टेपर, बोरिंग, नर्लिंग ही कामं मी कोणी शेजारी उभं नसतानाही करतो. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब बांधून डायल लावून 0.02 मिलीमीटरच्या आत आणतो. आधी अर्धा तास लागायचा, आता दहा-बारा मिनिटं लागतात. एचएसएस टूल ग्राइंडरवर स्वतः घासतो. ड्रिलला 118 अंशांची धार लावतो, पण बारीक ड्रिलच्या दोन्ही कडा अजून प्रत्येक वेळी सारख्या येत नाहीत आणि मग भोक थोडं मोठं पडतं.

आटे पाडण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथेच मी सगळ्यात जास्त शिकलो. आमच्या गल्लीतल्या रसवंतीच्या चरकाचा एक लांब बोल्ट तुटला होता. एम 20, पिच 2.5, पण त्या लांबीचा बोल्ट बाजारात मिळेना. सरांची परवानगी घेऊन मी तो कॉलेजच्या जुन्या लेथवर करायला घेतला. त्या लेथचा लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा. हिशेब मांडला तर 2.5 भागिले 6.35, म्हणजे बरोबर 50/127. सर्वांत खालच्या खणात धूळ खात पडलेलं 127 दातांचं गियर शोधून काढलं, धुतलं, बसवलं. पहिला कट सुंदर आला. मग सवयीने हाफ नट उघडला, कॅरेज हाताने मागे आणली, पुन्हा हाफ नट टाकला आणि दुसरा कट पहिल्या आट्याच्या डोक्यावरून गेला. मिलीमीटरचे आटे इंचाच्या लीड स्क्रूवर पाडताना हाफ नट शेवटपर्यंत उघडायचा नाही, टूल बाहेर घेऊन मशीन उलटं फिरवून मागे यायचं, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. दुसऱ्या गजावर तसंच केलं. खोली 1.53 मिलीमीटर, शेवटचे दोन कट अगदी हलके. नट हाताने शेवटपर्यंत फिरला. तो बोल्ट आजही त्या चरकावर आहे, आणि रस काढताना मी तिथून गेलो की आधी बोल्टकडेच बघतो.

मिलिंगवर की-वे काढले आहेत आणि इंडेक्सिंग हेड वापरून मॉड्यूल 2 चं, 27 दातांचं एक स्पर गियर कापलं आहे. हँडलचा एक पूर्ण फेरा आणि 27 भोकांच्या वर्तुळावर 13 भोकं पुढे, असं सत्तावीस वेळा. मध्येच कोणी बोललं तर मोजणी चुकते, म्हणून एका मित्राला शेजारी उभं करून प्रत्येक दाताला खडूने रेघ मारायला सांगितली होती. सरफेस ग्राइंडरवर काम झालं आहे, पण थोडंच. आर्क वेल्डिंगने साधा कोपरा जोडता येतो. दिसायला चांगलं नसतं.

जे येत नाही तेही लिहितो. सीएनसीचे जी-कोड वाचता येतात, साधा प्रोग्राम लिहिता येतो, पण व्हीएमसीवर मी एकट्याने कधी जॉब लावलेला नाही. ऑफसेट घेताना दुसऱ्याच्या मागे उभं राहून पाहिलं आहे इतकंच. हायड्रॉलिक्स फक्त चित्रात माहीत आहे. गियरबॉक्स उघडून पुन्हा बसवलेला नाही. आणि स्क्रेपिंग अजिबात येत नाही.

एक चूक आपल्याला आधीच सांगावीशी वाटते, कारण ती पुढेमागे कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. इन-प्लांट ट्रेनिंगच्या वेळी एका कारखान्यात मला ईएन 8 चा शाफ्ट फिनिश करायला दिला होता. 6210 बेअरिंगची सीट, व्यास 50, टॉलरन्स के 6, म्हणजे 50.002 ते 50.018. कूलंट बंद होता, सुट्टीची वेळ जवळ आली होती आणि मी घाईत होतो. शेवटचा कट झाल्या झाल्या मायक्रोमीटर लावला. 50.010. मला इतका आनंद झाला की जॉबला हात लावल्यावर चटका बसला तेही मी मनावर घेतलं नाही. जेवून आल्यावर मिस्त्रींनी बेअरिंग आणलं. ते ठोकून बसायला हवं होतं. ते हातानेच आत गेलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी बेअरिंग बाहेर काढलं, पुन्हा सरकवलं, पुन्हा काढलं आणि माझ्या हातात दिलं. थंड शाफ्ट 49.992 भरत होता. 50 मिलीमीटरचं पोलाद दर अंशाला साधारण 0.6 मायक्रॉन फुगतं. थंड शाफ्टपेक्षा तीस अंश जास्त गरम असलेल्या जॉबवर मी 18 मायक्रॉन उष्णता मोजली होती. शाफ्ट बाद झाला. नुकसान कारखान्याचं झालं, चूक पूर्णपणे माझी होती. त्या दिवसापासून फिनिश कटच्या आधी मी जॉब थंड होऊ देतो, मायक्रोमीटरचा झीरो स्टँडर्डवर तपासतो आणि माप दोनदा घेतो. यामुळे माझं काम थोडं सावकाश होतं. वेग आपल्याकडे वाढेल, पण ही सवय मी सोडणार नाही.

आपल्याकडेच यायचं का आहे, तेही सांगतो. गुरुवारी आपण फोनवर होता तेव्हा मी अर्धा तास दाराशी उभा होतो. आत एक वयस्कर काका लेथच्या बिडाच्या बेडवर वाकून स्क्रेपिंग करत होते. स्ट्रेट एजला निळा रंग अगदी पातळ लावून ते बेडवर घासायचे, उचलायचे, जिथे निळे ठिपके उमटले तेवढेच उंचवटे स्क्रेपरने खरवडायचे. पुसायचे आणि पुन्हा तेच. प्रत्येक वेळी ठिपके आधीपेक्षा जास्त आणि जवळजवळ येत होते. त्यांनी एक इंचाच्या चौकटीवर बोट ठेवून ठिपके मोजले, मान हलवली आणि पुन्हा स्क्रेपर उचलला. मला निघताना वेळेचं भान नव्हतं. नवीन मशीन चालवायला शिकवणाऱ्या जागा मकरपुऱ्यात बऱ्याच आहेत. झिजलेलं मशीन पुन्हा सरळ करणारे हात मी पहिल्यांदाच पाहिले, आणि मला ते काम त्या काकांकडून शिकायचं आहे. आपण स्वतः कलाभवनात शिकलात असं बाबांकडून ऐकलं. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन सुरू केलं ते हाताने काम करणाऱ्यांना शास्त्र शिकवायला. माझ्याकडे शास्त्र थोडंफार आलं आहे, हात कमी पडतो.

कागदपत्रांची अडचण येणार नाही. डिप्लोमाधारकांच्या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर मी नोंदणी केली आहे. अप्रेंटिसेस अॅक्ट, 1961 खाली तीस किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. आपल्याकडे त्याहून कमी आहेत, म्हणून घ्यायचं की नाही हे पूर्णपणे आपल्या मर्जीवर आहे. घेतल्यास किमान स्टायपेंडचा अर्धा भाग सरकारकडून मिळतो. करार ऑनलाइन होतो. फॉर्म भरण्याचं काम मी आपल्या ऑफिसात बसून करून देईन. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन आपल्यावर राहत नाही, याची मला कल्पना आहे.

सुरुवातीला साफसफाई, तेल घालणं, हत्यारं जागेवर लावणं, जॉब धुणं, जे द्याल ते करीन. खाली पडलेली बर बघूनसुद्धा टूलबद्दल कळतं. घरून सायकलने अर्ध्या-पाऊण तासात पोहोचतो, पावसाळ्यातही. सेफ्टी शूज माझे आहेत, आणि मशीनवर मी पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा हातमोजे घालत नाही. गुजराती आणि हिंदी दोन्ही बोलता येतं, त्यामुळे आपल्या इतर माणसांशी बोलायला अडचण नाही.

एक विनंती आहे. मुलाखतीऐवजी किंवा मुलाखतीबरोबर मला एक दिवस कामावर उभं करावं. एखादा तुकडा आणि ड्रॉइंग द्यावं, जॉब थंड झाल्यावर आपणच मोजावा. शनिवारी मी केव्हाही येऊ शकतो, इतर दिवशी सकाळी आठपासून. फोन नंबर सोबतच्या बायोडाटाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला आहे.

मी कापलेल्या त्या 27 दातांच्या गियरचा फोटो सोबत जोडला आहे. आजोबांनी खिशात टाकलेला लोखंडाचा तुकडा त्यांच्यामागे आईला सापडला. आपण बोलावलंत तर तो घेऊन येईन. त्याच्या एका बाजूला थोडा गंज चढला आहे, पण गुण्या लावलात तर उजेड दिसणार नाही.

आपला नम्र,
अथर्व दिलीप साळुंखे

सोबत: बायोडाटा, डिप्लोमाच्या सहा सेमिस्टरच्या मार्कशीटच्या प्रती, इन-प्लांट ट्रेनिंगचं प्रमाणपत्र, पोर्टलवरील नोंदणीची प्रत, गियरचा फोटो.