स्टिकर, पारदर्शक फिल्म आणि ग्लॉसी फोटो पेपर: मशीनमध्ये घालण्याआधी वाचायचा कागद

हा कागद काउंटरवरच्या सगळ्यांसाठी आहे, सकाळपाळी असो की संध्याकाळपाळी. जूनमध्ये अॅडमिशनची गर्दी सुरू होईल, फोटोसाठी रांग लागेल, तेव्हा एकमेकांना विचारायला वेळ मिळणार नाही. म्हणून आत्ताच नीट वाचून ठेवा. साध्या कागदावर चूक झाली तर एक पान जातं. इथे चूक झाली तर गिऱ्हाइकाचा महागाचा शीट जातो, आणि लेझरमध्ये चुकीचा शीट गेला तर मशीनच बंद पडतं.

सगळ्यात आधी: शीट कोणत्या मशीनचा?

पाकीट हातात घेतल्यावर पहिली नजर 'इंकजेट' की 'लेझर' या शब्दावर गेली पाहिजे. इंकजेटचा ग्लॉसी फोटो पेपर लेझरमध्ये कधीच घालायचा नाही. त्याच्या कागदावर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि लेझरचा फ्युजर टोनर वितळवायला 180 ते 200 अंशांपर्यंत तापतो. तो थर तिथे वितळून रोलरला चिकटतो. इंकजेटच्या पारदर्शक फिल्मचं तेच. उलट, लेझरची फिल्म इंकजेटमध्ये घातली तर मशीनला काही होत नाही, पण गुळगुळीत फिल्मवर शाई धरत नाही. थेंब थेंब जमून राहतात आणि बोट लागलं की सगळं पुसलं जातं.

गिऱ्हाईक सुटे शीट घेऊन येतं आणि म्हणतं, "भाऊ, पेपर माझ्याजवळ आहे, फक्त प्रिंट काढून द्या." पाकीट नसेल आणि शीट कशाचा ते कळत नसेल, तर तो लेझरमध्ये जाणार नाही. गिऱ्हाइकाला नम्रपणे सांगा की इंकजेटवर काढून बघतो, नाही जमलं तर आपल्याकडचा शीट वापरू. घाईत असलं, गाडी बाहेर लावून आलं असलं, तरी हेच.

बाजू कशी ओळखायची

फोटो पेपरची चकचकीत बाजू छपाईची. पाठीमागे कंपनीचं नाव फिकट अक्षरात छापलेलं असतं, किंवा बाजू साधी, निस्तेज असते. पण दुकानातल्या उजेडात सॅटिन किंवा मॅट पेपर दोन्हीकडून सारखाच दिसतो. अशा वेळी शीट डोळ्यांच्या रेषेत आडवा धरा आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. छपाईच्या बाजूवर नळीची रेघ दिसते, पाठीवर ती पसरट, धुरकट होते. तरीही शंका राहिली तर बोटाचं टोक किंचित ओलं करून शीटच्या अगदी कोपऱ्यावर टेकवा. ज्या बाजूला बोट चिकटल्यासारखं वाटतं, तिथे शाई शोषणारा थर आहे, म्हणजे तीच छपाईची बाजू. कोपऱ्यालाच करा, मध्ये केलं तर तो डाग प्रिंटमध्ये दिसतो. आणि फोटो पेपर नेहमी कडेने धरा. घामाच्या बोटाचा ठसा शाईखाली कायमचा राहतो.

इंकजेटच्या फिल्मला एक बाजू किंचित खरखरीत असते, छपाई तिच्यावर. नखाच्या टोकाने कडेला हळूच ओढलं की फरक लगेच कळतो. लेझरची साधी ओएचपी शीट दोन्हीकडून सारखी असते, तिथे बाजूचा प्रश्न नाही. काही फिल्मच्या एका कडेला पांढरी पट्टी असते. ती काढून टाकू नका. मशीनचा सेन्सर आरपार दिसणाऱ्या शीटला ओळखत नाही, ती पट्टी पाहून त्याला कागद आल्याचं कळतं. म्हणून पट्टीची कड आधी आत जाईल अशीच फिल्म ठेवायची. पट्टी नसलेली फिल्म घातल्यावर 'कागद नाही' असा इशारा आला तर मशीन बिघडलं असं समजू नका, हेच कारण असतं.

स्टिकर शीट ओळखायला सोपा. पाठीवर सोलायच्या चिरा असतात किंवा पिवळसर, मेणचट कागद असतो. छपाई दुसऱ्या बाजूवर.

ट्रेमध्ये कोणती बाजू वर

आपल्या इंकजेटला कागद मागून, उभ्या ट्रेमधून जातो. त्यात छपाईची बाजू वर, म्हणजे तुमच्या तोंडाकडे. आपल्या लेझरच्या खालच्या खेचायच्या ट्रेमध्ये कागद आत जाऊन वळसा घेतो, म्हणून तिथे छपाईची बाजू खाली. पण स्टिकर आणि फिल्म त्या ट्रेमध्ये ठेवायचेच नाहीत. ते फक्त पुढच्या हाताने घालायच्या फटीतून, एकेक, छपाईची बाजू वर ठेवून. लेझरचं मागचं झाकण उघडून ठेवा, म्हणजे शीट न वळता सरळ मागे बाहेर पडतो. झाकण बंद ठेवलं तर स्टिकरची कड रोलरवर उलगडते आणि तिथेच अडकते.

दुसरीकडच्या एखाद्या मशीनवर काम करावं लागलं तर अंदाजाने जाऊ नका. साध्या कागदाच्या वरच्या बाजूला पेन्सिलने फुली मारा, ट्रेमध्ये ठेवा, एक ओळ छापा. फुली आणि छपाई एकाच बाजूला आली तर शीटची छपाईची बाजू वर ठेवायची, नाहीतर खाली.

सेटिंग, ज्यात सगळ्यांचं चुकतं

बाजू बरोबर असली आणि सेटिंग साध्या कागदाची राहिली, तर प्रिंट खराबच येते. मशीनला शीट दिसत नाही, तुम्ही जे सांगाल ते ते मानतं. कोणत्या कागदावर किती शाई सोडायची आणि शीट किती हळू सरकवायचा हे त्या एका सेटिंगवर ठरतं. साध्या कागदाच्या सेटिंगवर ग्लॉसी छापलं तर चेहरे भुरकट दिसतात, गडद भागात आडव्या रेघा येतात. काही इंकजेटमध्ये साध्या कागदासाठीची काळी शाई पिगमेंटची असते. ती ग्लॉसीवर बसतच नाही, काजळीसारखी वर तरंगते आणि हाताला लागते. लेझरमध्ये हीच सेटिंग फ्युजरची उष्णता आणि वेग ठरवते. जाड स्टिकर साध्या कागदाच्या वेगाने गेला की टोनर नीट वितळत नाही, नखाने खरवडला की निघतो.

`Ctrl+P` दाबल्यावर ब्राउझरची स्वतःची खिडकी उघडली तर तिथे ही सेटिंग पूर्ण दिसत नाही. तळाशी `Print using system dialog` आहे, किंवा `Ctrl+Shift+P` दाबा. मग प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये `Paper Type` बघा.

ग्लॉसी फोटो पेपर आणि चकचकीत इंकजेट स्टिकर: `Photo Paper Glossy`, क्वालिटी `High`. मॅट स्टिकर: `Matte`. इंकजेट फिल्मच्या पाकिटावर सेटिंग छापलेली असेल तर तीच, नसेल तर `Photo Paper Glossy`, पण क्वालिटी `Standard` ठेवा. फिल्म शाई हळू पिते, `High` वर ठेवलं की थारोळं होतं. लेझरवर स्टिकर असेल तर `Labels`, लेझरची फिल्म असेल तर `Transparency`.

मापही तिथेच बघा. 4 बाय 6 चा पेपर ट्रेमध्ये आणि सेटिंगमध्ये A4 असं झालं तर उरलेली शाई आतल्या पट्टीवर सांडते आणि पुढच्या प्रत्येक फोटोच्या पाठीला लागते. कापलेल्या खान्यांचे लेबल शीट असतील तर पीडीएफमधून `Actual size` निवडा, `Fit` नाही. `Fit` ठेवलं तर पान थोडं लहान होतं आणि शेवटच्या ओळीपर्यंत मजकूर खान्याच्या बाहेर सरकतो. आधी साध्या कागदावर एक प्रत काढा, स्टिकर शीटच्या मागे धरून दोन्ही ट्यूबलाइटसमोर उचला आणि खाने जुळतात का बघा. रोज सकाळी नोझल चेकही साध्या कागदावरच.

काम झालं की सेटिंग परत साध्या कागदावर आणा. राहून गेली तर पुढच्या गिऱ्हाइकाचा अर्ज शाईने ओला होऊन सुरकुततो, आणि कुणालाच कळत नाही का.

आरसा आणि पांढरा रंग

दुकानाच्या काचेला आतून लावायचं आणि बाहेरून वाचायचं पारदर्शक स्टिकर असेल तर उलटी छपाई लागते. इंकजेटमध्ये त्यासाठी `Mirror Image` आहे. बाहेरून लावायचं असेल तर सरळच. ऑर्डर घेताना हा एकच प्रश्न विचारा, "आतून लावणार की बाहेरून?" आणि उत्तर पावतीवर लिहा. स्क्रीन प्रिंटिंगवाले पॉझिटिव्ह मागतात, त्यांना सरळ छपाई लागते. ते छापलेली बाजू इमल्शनला टेकवतात, उलटं करून दिलं तर त्यांचं काम वाया जातं.

आपल्या दोन्ही मशीनमध्ये पांढरा रंग नाही. फाइलमध्ये पांढरं दिसतं ते शीटवर मोकळं राहतं. म्हणून पारदर्शक स्टिकर काळ्या किंवा गडद वस्तूवर लावलं की रंग जवळजवळ नाहीसे होतात. हे गिऱ्हाइकाला छापण्याआधीच सांगा. गडद पाठीसाठी पांढऱ्या स्टिकरवर छापून कापून देणं बरं.

मिठाईवाले संत्रा बर्फीच्या डब्यांसाठी स्टिकर मागतात, ते इंकजेटवर छान येतात. पण बाटली फ्रिजमध्ये जाणार असेल, वर पाणी जमणार असेल, तर आपल्या इंकजेटची शाई ओघळते. अशी लेबलं लेझरवरच काढा.

कूलर, ऊन आणि ठेवणं

आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय दुकान चालत नाही, आणि कूलरची ओलसर हवा हा या शीटचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. उघडं राहिलेलं पाकीट ओल धरतं, फोटो पेपर कडेने वळतो, दोन फिल्म एकमेकींना चिकटून सोबतच आत जातात. प्रिंटर कूलरच्या झोतात ठेवू नका. पाकीट बंद करून आडवं कपाटात, उन्हापासून लांब. एकदम पाच शीट काढून ठेवायचे नाहीत, लागतील तेवढेच काढा आणि घालण्याआधी कडा मोकळ्या करा.

छापलेला फोटो लगेच पाकिटात भरू नका, एकावर एक ठेवू नका. पंधरा मिनिटं पसरून ठेवा. फ्रेम किंवा अल्बमसाठी असेल तर एक दिवस मोकळा राहू द्या, असं गिऱ्हाइकाला सांगूनच द्या. पासपोर्ट फोटो, 35 बाय 45 मिलिमीटरचे, कापतानाही आधी हाताला ओल लागत नाही ना ते बघा.

परत न घालायचे शीट

ज्या शीटवरचं एकही लेबल सोललं आहे तो लेझरमध्ये पुन्हा जाणार नाही. उघडा पडलेला गोंद फ्युजरला आणि ड्रमला लागतो. उरलेली लेबलं कितीही असली तरी असे शीट इंकजेटच्या शेजारच्या निळ्या डब्यात टाका, हाताने लिहायला उपयोगी पडतात.

शीट अडकला तर स्विच बंद करा. लेझरला थंड होऊ द्या, मगच झाकण उघडा, आणि कागद ज्या दिशेला चालला होता त्याच दिशेला दोन्ही हातांनी हळू ओढा. लेबल आत चिकटून राहिलं असेल तर ब्लेड, पट्टी, चिमटा काहीही लावू नका. मशीन बंद ठेवून मला फोन करा, आणि तोवर येणारं लेझरचं काम संध्याकाळी देतो म्हणून सांगा.