बारावीच्या दुसऱ्या हप्त्यात शुल्क सवलत मिळण्यासाठी विनंती अर्ज

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. प्राचार्या,
कनिष्ठ महाविद्यालय, इचलकरंजी

अर्जदार : सोहम दत्तात्रय माने
इयत्ता १२ वी विज्ञान, तुकडी ब (विनाअनुदानित), हजेरी क्र. ४१

विषय : वडिलांचे काम बंद झाल्यामुळे २०२५-२६ च्या शुल्काच्या दुसऱ्या हप्त्यात सवलत मिळण्याबाबत.

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

या वर्षाच्या २४,००० रुपये शुल्कापैकी १२,००० रुपये मी जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच भरले आहेत. बोर्डाच्या परीक्षेचे शुल्कही फॉर्म भरताना वेगळे भरले. राहिलेले १२,००० रुपये ३० नोव्हेंबरपर्यंत भरायचे आहेत, अशी सूचना फलकावर लागली आहे. एवढी रक्कम या महिन्यात आमच्या घरी उभी राहणार नाही, म्हणून हा अर्ज करत आहे.

माझे वडील इथल्याच एका यंत्रमाग कारखान्यात बावीस वर्षे जॉबर होते. चोवीस साधे माग त्यांच्या हाताखाली होते. दोन वर्षांपासून कापडाला भाव नाही, असे मालक म्हणत होते. आधी रात्रपाळी बंद झाली. नंतर आठ माग झाकून ठेवले. १ ऑक्टोबरला खंडेनवमीला वडिलांनी दरवर्षीप्रमाणे चोवीसच्या चोवीस मागांना, झाकलेल्यांनासुद्धा, झेंडूच्या माळा घातल्या आणि नारळ फोडला. त्यानंतर आठ दिवसांत मालकांनी सगळे माग भंगारात किलोवर विकले. कोणत्या मागाचा कोणता नट कुठे गंजला आहे हे वडिलांनाच ठाऊक, त्यामुळे माग खोलायलाही त्यांनाच बोलावले. तीन दिवसांची हजेरी मिळाली. येताना त्यांनी एक धोटा घरी आणला. तो आता माझ्या टेबलावर आहे, वहीची पाने उडू नयेत म्हणून त्यावर ठेवतो. अर्जात असे लिहायचे नसते हे मला कळते, पण काम गेले म्हणजे नेमके काय झाले ते आपल्याला कळावे, म्हणून लिहिले.

मालकांविषयी आमची तक्रार नाही. त्यांनी दिवाळीचा बोनस बुडवला नाही. पण नेमणुकीचे पत्र कधीच नव्हते आणि पगार रोख मिळायचा, त्यामुळे काम सुटल्याचा रीतसर कागद आमच्याकडे नाही. कारखान्याच्या दिवाणजींनी लेटरपॅडवर चार ओळी लिहून सही करून दिली आहे, ती जोडली आहे.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल मुद्दाम सांगतो. मागच्या आठवड्यात मी ऑफिसमध्ये चौकशी केली, तेव्हा दाखला आणायला सांगितले. तो मिळाला आहे, पण त्यावर २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे उत्पन्न २,०४,००० रुपये आहे, म्हणजे वडिलांचा तेव्हाचा महिना १७,००० रुपये पगार. तो आकडा खरा आहे, पण आजचा नाही. ऑक्टोबरपासूनची परिस्थिती दाखवणारा दाखला पुढच्या एप्रिलनंतरच मिळेल आणि तोपर्यंत माझी बारावी संपलेली असेल. म्हणून दाखल्यावरचा आकडा पाहून अर्ज बाजूला ठेवू नये, ही विनंती.

सध्या वडील दुसऱ्या कारखान्यांत बदलीवर जातात. एखादा कामगार गैरहजर असला की फोन येतो. आठवड्याला तीन, कधी चार पाळ्या मिळतात आणि पाळीला ५०० रुपये. आई गारमेंटमधून शर्टांचे गठ्ठे आणून घरी धागे कापते, त्याचे महिन्याला तीन हजारांच्या आसपास होतात. दोन्ही मिळून दहा हजार धरा. त्यात ३,५०० रुपये घरभाडे, किराणा, दूध, गॅस, लाइट बिल आणि आठवीतल्या बहिणीचा किरकोळ खर्च. आजीच्या बीपीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात, तेवढा भार नाही. मी ऑक्टोबरपासून बाहेरचा क्लास बंद केला आहे. फिजिक्समध्ये अडतो, पण प्रयोगशाळेत थांबलो की सर शंका सांगतात.

वडील अर्ज करायला तयार नव्हते. "सगळी फी माफ करा असं लिहू नकोस, अर्धी आपण भरायचीच," या अटीवर ते सही करायला तयार झाले. त्यामुळे माझी विनंती एवढीच आहे : दुसऱ्या हप्त्यातले ६,००० रुपये माफ करावेत आणि उरलेले ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी द्यावी. पहिले २,००० रुपये आज सोबत आणले आहेत. दुसरे १० डिसेंबरला भरेन. हे चार हजार बोनसमधून किराणा दुकानाची उधारी भागवून बाजूला ठेवलेले आहेत. तिसऱ्या हप्त्यासाठी आईच्या बचत गटातून जानेवारीत कर्ज मिळायचे आहे, म्हणून तो १० जानेवारीला भरेन.

माफी देणे नियमात बसत नसेल, तर निदान त्या ६,००० रुपयांसाठी मे महिन्यापर्यंत मुदत द्यावी. वडील एका ओळखीच्या कारखान्यात रात्री एअरजेट मागाचे काम शिकायला जातात. नवीन मागांवर तरुण मुले घेतात, त्यामुळे कायमचे काम मिळेलच असे नाही. म्हणून आमची पहिली विनंती माफीचीच आहे.

आणखी दोन गोष्टी. प्रात्यक्षिक परीक्षा आणि हॉल तिकीट यांसाठी माझी बाकी अडचण ठरू नये. आणि बाकी असलेल्यांची नावे वर्गात वाचली जातात, त्यात माझे नाव शक्यतो नसावे. मला त्याची लाज वाटते असे नाही, पण आमच्या गल्लीतली तीन मुले त्याच वर्गात आहेत आणि वर्गातली गोष्ट संध्याकाळपर्यंत आजीच्या कानावर जाते. काम सुटल्याचे आजीला आम्ही अजून सांगितलेले नाही. वडील सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊनच घराबाहेर पडतात.

दहावीला मला ८६.४० टक्के होते, अकरावीला ७४. अकरावीत घसरलो, त्याला घरचे कारण नव्हते, अभ्यास कमी पडला. यंदाच्या पहिल्या सत्र परीक्षेत ७९ आहेत. या वर्षीची माझी हजेरी ९१ टक्के आहे.

भेटायला बोलावल्यास वडील कोणत्याही दिवशी सकाळी येऊ शकतील.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
सोहम दत्तात्रय माने

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१. उत्पन्नाचा दाखला, २०२४-२५ (झेरॉक्स)
२. दिवाणजींच्या सहीचे पत्र
३. जूनमध्ये भरलेल्या पहिल्या हप्त्याची पावती (झेरॉक्स)
४. दहावी, अकरावी आणि पहिल्या सत्राच्या गुणपत्रिका (झेरॉक्स)
५. रेशनकार्ड (झेरॉक्स)

पालकांचे निवेदन : वरील अर्ज मी वाचला. मजकूर खरा आहे. सहा हजार रुपये ठरल्या तारखांना भरण्याची जबाबदारी माझी. आजीविषयीचे मुलाने लिहायला नको होते, पण लिहिले आहे तर राहू दे.

दत्तात्रय माने