पेवाचा फोटो

हरिपुरातलं एक पेव, म्हणजे जमिनीखालचं हळदीचं कोठार, उद्या पहाटे उघडणार होतं. व्यापाऱ्याचा निरोप आला तेव्हापासून आबांनी एकच धरलं होतं, व्हिडिओ काढायचा. उभा जन्म पेवांवर मुकादमी केली, पण उघडतानाचा एक व्हिडिओ जवळ नव्हता. आणि मोबाईल तर सकाळपासून म्हणत होता, स्टोरेज फुल्ल.

"आणा इकडं," ओंकार म्हणाला. सातवीतला पोरगा, दिवाळीच्या सुट्टीला पुण्याहून आलेला. "आबा, तुमच्याकडं नुसते गुलाबच आहेत!"

गुलाब, दव पडलेलं गवत, कपातून वाफ, वर 'शुभ सकाळ'. सगळे दत्तूअण्णांचे.

"उडव."

"सगळे? त्यांना राग नाही यायचा?"

"आरं, ती हजेरी हाय त्याची. गुलाब आला म्हणजे गडी उठला. मागं उन्हाळ्यात दोन दिवस आला नाही, तर मी सायकल काढून घरी गेलो. तापानं फणफणला होता. आता जुनी हजेरी काय करायचीय?"

गुलाब गेले. लाइट मीटरचे फोटो गेले, गॅसच्या पावत्या गेल्या. खिशात बटण दाबलं जाऊन निघालेले सदऱ्याच्या अस्तराचे फोटोही गेले. ते बरेच होते.

२०१९ च्या पुराचे आले तेव्हा आबांनी चष्मा पुसला. कृष्णेचं पाणी गल्लीत, दाराच्या कडीपर्यंत. एकच दार सहा वेळा.

"यातला एक ठेवू?"

"एकबी नको. पंचनाम्याला काढले होते. पंचनामा झाला, पैसे आले, संपलं."

"पण पूर आहे आबा, आठवण म्हणून..."

"भिंतीवर रेघ हाय की. बघायची तर बाहेर जाऊन बघ."

मग ओंकारच्या गॅदरिंगचा व्हिडिओ आला. कोळ्याची टोपी, हातात वल्हं, मोठीच्या मोठी फाईल. ओंकारनं तो पटकन वर सरकवला.

"हा का पुढं ढकललास?"

"तो राहू दे ना."

"तू समोर बसलायस. नाचायचं तर नाच. उडव."

पोरगं फुगलं. आईकडं आहे तो व्हिडिओ, असं दोनदा म्हणाला, पण बोट लावेना. शेवटी आबांनीच लावलं. त्यानंतर ओंकार काही विचारेना. सरळ खुणा करत सुटला, जणू वचपा काढत होता.

तरी मोबाईल म्हणतोच, फुल्ल.

"एवढं उडवून?"

"ते अजून ट्रॅशमध्ये आहे. महिनाभर तिथं पडून राहतं. ट्रॅश रिकामा केला की जागा होणार. पण मग परत मिळत नाही हां."

"थांब, मग एकदा सगळं बघू दे."

आबा बोटानं सावकाश वर ढकलत राहिले. गुलाब, दार, अस्तर, दार. एकाएकी बोट थांबलं. सगळी स्क्रीन काळी.

"हा कोणी टाकला?"

"मी. खिशातलाच आहे तो."

"खिशातला न्हाई. पेवातला हाय."

ओंकारनं मोबाईल डोळ्यांशी नेला. काळं. ब्राइटनेस पूर्ण वाढवला, दोन बोटांनी फोटो ताणला. खाली डाव्या कोपऱ्यात मोहरीएवढा पिवळा ठिपका निघाला.

"कंदील," आबा म्हणाले. "पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. महिनोन्‌महिने तोंड बंद, आत हळद, हवा मेलेली असते. आधी चांगले काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. विझला तर वर घ्यायचा अन् थांबायचं. जळत राहिला तरच माणूस उतरणार. त्या दिवशी पहिल्यांदा विझला होता. हा दुसऱ्यांदा सोडल्यावरचा."

"मग खाली कोण उतरलं?"

"दत्तू. पैज लावून बसला होता, पहिल्याच झटक्याला उतरतो म्हणून. मी दोरी सोडली न्हाई."

ओंकारनं फोटो ट्रॅशमधून बाहेर काढला. मग आबांकडं न बघता गॅदरिंगचा व्हिडिओही काढला.

"आरं, त्यानं जागा कशी व्हायची?"

"गाणी उडवतो. तुमच्याकडं तीच आरती चारदा आहे."

आबांनी थोडा विचार केला. "एक ठेव. ज्यात टाळ नीट ऐकू येतात ती."

ट्रॅश रिकामा झाला. तीन जीबी सुटले. आबांनी उशाला कंदील आणून ठेवला, काच पुसली, वात कातरली.

"पहाटे उठवीन. शूटिंग तू कर, माझ्या हातनं अंधारच येतो. पण तोंडाशी वाकायचं न्हाई. आधी कंदील जाणार."

"कंदील कशाला आबा? मोबाईलची टॉर्च लावून दोरीनं सोडू की. उजेड जास्त."

"टॉर्च हवा नसली तरी जळती रं," आबा म्हणाले आणि रॉकेलची बाटली शोधायला उठले.