बँक खाते बदलाची सूचना (सुधारित; २६ मेचे पत्र रद्द)

सोलापूर, २ जून २०२५

सर्व चादर-टॉवेल व्यापारी आणि त्यांच्या हिशेबनिसांस,

स.न.वि.वि.

आमचे बँक खाते बदलले आहे, हे खरे आहे. कारखान्याचे सीसी कर्ज दुसऱ्या बँकेत नेल्यामुळे चालू खातेही तिकडे गेले. मात्र नव्या खात्याचा नंबर या पत्रात मुद्दाम दिलेला नाही.

२६ मे रोजी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र पाठवले होते. त्यात नंबर, आयएफएससी, कॅन्सल चेकचा फोटो आणि खाली "यापुढील पेमेंट त्वरित याच खात्यात करावे" अशी ओळ होती. दुसऱ्या दिवशी लातूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "शेठ, हे तुम्हीच पाठवलंय ना? कारण असंच पत्र मीही तुमच्या नावानं बनवू शकतो." त्यांचे म्हणणे पटले. लेटरहेड, शिक्का, कॅन्सल चेक हे सगळे फोटोत बदलता येते, आणि घाई तर फसवणूक करणाराच करतो. म्हणून ते पत्र रद्द समजावे. त्यातला नंबर आमचाच आहे, पण तोही खाली दिल्याप्रमाणे पडताळल्याशिवाय वापरू नये.

तुमच्याकडे आमचे एखादे जुने छापील बिल असेलच. त्यावरच्या कारखान्याच्या फोनवर तुम्ही स्वतः फोन करा. या पत्रात फोन नंबर नाही तो यासाठीच: पत्र खोटे असेल तर त्यातला नंबरही खोटाच असणार. फोन सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत करा. खाते नंबर आम्ही तोंडी सांगू, तुम्ही तो लिहून आम्हाला परत वाचून दाखवा. आमच्याकडून कुणी आपणहून फोन करून नंबर सांगू लागला, तर तो आवाज ओळखीचा वाटला तरी फोन ठेवा आणि बिलावरच्या नंबरवर लावा.

नंतर बँकेत खाते जोडताना नाव तपासा. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे खाते नंबरावर जमा होतात, तुम्ही टाइप केलेल्या नावावर नाही. नाव बरोबर आणि नंबर चुकीचा असला तरी रक्कम जाऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी, पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय द्यायची होती. तुमच्या नेट बँकिंगमध्ये किंवा शाखेत ती वापरा. जे नाव दिसेल ते आमच्या बिलावरच्या फर्मच्या नावाशी जुळले पाहिजे. कुणा व्यक्तीचे नाव दिसले, अगदी मालकाचे असले तरी, थांबा. आमचे खाते फर्मच्या नावाचेच आहे.

शेवटी १ रुपया पाठवा आणि पुन्हा त्याच जुन्या नंबरवर विचारा, आला का म्हणून. आम्ही खात्यात बघून वेळ सांगू. मगच मोठी रक्कम सोडा.

यात दोन-चार दिवस गेले तर जाऊ द्या. जून महिन्यातल्या बिलांवर पडताळणीमुळे उशीर झाला तर व्याज लावणार नाही, रोखीची सूटही कापणार नाही. जुने खाते ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत चालू आहे. शंका फिटेपर्यंत त्यातच भरत राहा, तिथे आलेला पैसा तुमच्या नावे जमा होईल. चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम मात्र आमच्याकडे जमा धरता येणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. तुम्ही दहा वेळा विचारले तरी आमच्या हिशेबनिसांना राग येणार नाही. त्यांना तसे बजावले आहे.

३० सप्टेंबरपूर्वी खाते पुन्हा बदलणार नाही. "नव्या बँकेत अडचण आली आहे, सध्या या खात्यात टाका" असा निरोप आला तर तो आमचा नाही. आम्ही क्यूआर कोड, लिंक किंवा ओटीपी कधीच पाठवत किंवा मागत नाही. ई-मेल आला तर पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर जुन्या मेलशी ताडून पाहा. एखादेच अक्षर बदललेले असते.

चुकून पैसे गेलेच असतील तर आम्हाला फोन करण्याआधी तुमच्या बँकेला आणि १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा.

हे पत्र दुकानातल्या पेमेंट करणाऱ्या माणसाला अवश्य दाखवा. गठ्ठे नेहमीप्रमाणे ट्रान्सपोर्टला जात आहेत. खात्याच्या बदलामुळे कुणाचा माल अडवलेला नाही.

आपले,
मालक व हिशेब विभाग
टेरी टॉवेल व चादर कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर